घामोळं नाही, मनाचे खेळही नाहीत

"मॅडम, मी २१ वर्षांचा, म्हापशाला असतो. जिममध्ये दहा मिनिटं झाली की छातीवर, दंडावर बारीक बारीक लाल पुरळ येतं, सुया टोचल्यासारखी खाज सुटते आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं गायब. कढत पाण्याने आंघोळ केली तरी तसंच, परवा तर व्हायवाच्या आधी बाहेर नुसता बसलो होतो तेव्हापण आलं. आई म्हणते घामोळं, मित्र म्हणतात टेन्शन. खरंच माझ्या मनाचं आहे का हे?"

नाही रे. तुझा मेसेज वाचून मला दोन वर्षांपूर्वीची डिचोलीकडची एक मुलगी आठवली, १९ वर्षांची, कॉलेजच्या फुगडीच्या टीममध्ये होती. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तिच्याबाबतीत मी सुरुवातीला चुकले होते आणि तेच तुझ्या कामाचं आहे म्हणून आधी ते सांगते.

चवथीच्या आधी प्रॅक्टिस सुरू झाली आणि ही पंधरा मिनिटांत बाजूला जाऊन खाजवत बसायची, टीममधल्या मुली म्हणायला लागल्या ही नखरे करते. मग तिने जाणंच सोडलं. माझ्याकडे आली ती "मला लोकांसमोर भीती वाटते" असं म्हणत. कॉलेजात प्रेझेंटेशनच्या वेळी पण गळ्यावर पुरळ आलं होतं, त्यामुळे मीपण सरळ धरून चालले की हे टेन्शनचंच, आणि दोन सेशन श्वासाचे व्यायाम, विचारांची वही वगैरे करून घेतली. तिसऱ्या वेळी ती सहज बोलून गेली की "न्हाणीघरात एकटी असते तेव्हापण येतं, पाणी कढत असलं की". तिथे मी थांबले. बंद दाराआड लोकांची भीती कुठून येणार? म्हणजे व्यायाम, गरम पाणी आणि घाबरणं या तिन्हींत सारखं काय, तर अंग आतून तापतं नाहीतर घाम सुटायला लागतो.

मग तिला एकच काम दिलं. पुरळ आलं की एका फोडाभोवती पेनाने गोल करायचा, फोटो काढायचा, वेळ लिहायची आणि तो फोड कधी मावळतो ते बघायचं. चार फोटो घेऊन आली. मोहरीच्या दाण्याएवढे फुगीर ठिपके, प्रत्येकाभोवती लाल वर्तुळ, ६ वाजून १० मिनिटांनी आलेले आणि ७ च्या आत कातडी एकदम साफ, डाग नाही की साल नाही.

घामोळं असं वागत नाही. घामोळ्यात घामाची वाट बुजते, घाम कातडीतच अडकतो, म्हणून ते पुरळ एकदा आलं की दिवसचे दिवस राहतं, मे महिन्यात आपल्याकडे बघतोसच, मानेवर, कमरेच्या पट्ट्याखाली, जिथे कपडा घासतो तिथे. पावडर लावून, वाऱ्यावर बसून हळूहळू जातं, तासाभरात नाही. आणि आपण ज्याला पित्त उठलं म्हणतो, आमसुलाचं पाणी चोळतो, त्या गांधी मोठ्या असतात, रुपयाएवढ्या नाहीतर त्याहून पसरट, अंग तापायची वाट न बघता कधीही उठतात आणि एकेक गांध कित्येक तास राहू शकते. हिचे ठिपके ना इतके मोठे होते ना इतके टिकायचे.

मी तिला स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, फोटोंसकट. त्यांनी नाव सांगितलं कोलिनर्जिक अर्टिकेरिया. अंग तापलं की मेंदू घामाच्या ग्रंथींना निरोप पाठवतो, तो निरोप नेणारं रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन, त्यावरून हे नाव. या लोकांमध्ये त्याच वेळी कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि ठिपके उठतात. काहींना स्वतःच्याच घामातल्या कशाची तरी अॅलर्जी असते, काहींना घाम नीट फुटतच नाही. टेन्शनमध्येही घामाचा हाच निरोप जातो, म्हणून तुला व्हायवाच्या बाहेर आलं. म्हणजे टेन्शन चाप ओढतं, पण गोळी आधीच भरलेली असते, ती मनाने भरलेली नाही.

डॉक्टरांनी तिला त्यांच्या देखरेखीखाली सायकल मारायला लावली, घाम येईपर्यंत आणि मग अजून १५ मिनिटं, ठिपके आले. दुसऱ्या दिवशी ४२ डिग्रीच्या पाण्यात बसवलं, तेव्हापण आले. ही दुसरी टेस्ट कशाला असं मी विचारलं, तर म्हणाले व्यायामाने होणारी एक वेगळी धोक्याची अॅलर्जी असते, काहींना ती गहू किंवा सुंगटं खाऊन मग धावलं तरच होते, ती नुसत्या गरम पाण्याने उठत नाही. त्यात जीवावर बेतू शकतं म्हणून फरक करावा लागतो. या टेस्ट घरी करून बघू नकोस हां.

औषध म्हणजे सेटिरिझिन १० मिलीग्रॅम, रोज रात्री. तिची चूक अशी व्हायची की पुरळ आलं की गोळी घ्यायची, पण गोळीचा असर सुरू होईपर्यंत ठिपके आपोआपच गेलेले असायचे, मग वाटायचं गोळी काही कामाची नाही. ती रोज घ्यायची असते, आधीपासून. दोन-तीन आठवड्यांत खाज निम्मी झाली, मग डॉक्टरांनी डोस वाढवला. तो डॉक्टरच वाढवतात, आपण नाही, आणि काहींना झोप येते, स्कूटर चालवणार असशील तर ते त्यांना सांग. पूर्ण थांबलं का, नाही. कित्येकांचं काही वर्षांनी आपोआप ओसरतं, पण कधी ते कोणी सांगू शकत नाही.

माझं काम त्यानंतर खरं सुरू झालं. ती आता पुरळालाच घाबरायची, गळा जरा गरम लागला की "आलं आलं" आणि त्या घाबरण्यानेच अजून यायचं. श्वासाचे व्यायाम इथे कामाला आले, ठिपका बरा करायला नाही तर तो आल्यावर घाबरणं थांबवायला. आणि तिच्या एक लक्षात आलं, सकाळी हलका घाम येऊन पुरळ येऊन गेलं की संध्याकाळच्या प्रॅक्टिसला कमी यायचं. एका झटक्यानंतर काही तास, कधी एक दिवस, कातडी थोडी शांत राहते, हे डॉक्टरांनीही मान्य केलं, पण सगळ्यांचं तसं नसतं, म्हणून त्यांना विचारूनच, हळूहळू वाढवत कर. टीमला तिने स्वतः सांगितलं, पंख्याजवळची जागा घेतली. चवथीला फुगडी घातली, पाठीवर ठिपके होतेच.

तू आधी पेनाचा गोल करून फोटो काढ आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखव. तोवर जिममध्ये एकटा नको, आणि कढत पाणी सोडून कोमट घे. पुरळाबरोबर ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, छातीत घरघर, चक्कर किंवा पोटात जोराची कळ आली, तर अर्धा तास थांबून बघू नकोस, लगेच १०८ ला फोन कर.