क्रिएटिनची वेळ आणि स्नायूंतला साठा

प्रश्न: क्रिएटिन व्यायामाआधी घ्यावं की नंतर, याने काही फरक पडतो का? की रोज न चुकता घेणं एवढंच महत्त्वाचं आहे?

रोज घेणं महत्त्वाचं. वेळेचा फरक असलाच, तर इतका लहान आहे की त्यासाठी डोक्याला ताप करून घेऊ नका.

वेळेचा प्रश्न पडतो याचं कारण, आपण क्रिएटिनला नकळत कॉफीसारखं समजतो: घेतलं, तासाभरात चढलं, व्यायामात उपयोगी पडलं. क्रिएटिन असं काम करत नाही. आज घेतलेला चमचा आजच्या सेटसाठी नसतो, तो स्नायूंतल्या साठ्यात जमा होतो. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असतं आणि जवळजवळ सगळं स्नायूंमध्ये. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत एटीपी, म्हणजे स्नायू थेट वापरतात ते इंधन, झपाट्याने संपतं. ते पुन्हा तयार करायला हा साठा कामी येतो. साठा भरलेला असेल तर शेवटची एखाद-दुसरी रेप जास्त निघते. ती रेप कुठून आली, तर गेल्या तीन-चार आठवड्यांत तुम्ही जे घेतलंत त्यातून.

साठा भरायचे दोन रस्ते आहेत. एक लोडिंगचा: पाच-सहा दिवस रोज २० ग्रॅम, चार वेळा विभागून. दुसरा संथ: रोज ३ ग्रॅम, सुमारे चार आठवडे. १९९६ साली हे दोन्ही मार्ग ताडून पाहिले गेले, तेव्हा स्नायूंतलं क्रिएटिन दोन्हीकडे जवळपास सारखंच, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. मी संथ मार्गच सांगेन. लोडिंगमध्ये पोट बिघडण्याची शक्यता जास्त, विशेषतः एका दमात १० ग्रॅम घेतलं तर.

माझीच चूक सांगतो. सुरुवातीला ‘व्यायामानंतरच घ्यायचं’ हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ज्या दिवशी जिमला गेलो नाही त्या दिवशी डबा उघडायचोच नाही. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, म्हणजे आठवड्याला ९ ग्रॅम. आता हिशेब बघा. रोज ३ ग्रॅमने चार आठवड्यांत ८४ ग्रॅम पोटात जातात. माझ्या गतीने तेवढ्याला नऊ आठवड्यांहून जास्त लागले असते, तेही एकही व्यायाम न चुकवता. दीड महिना झाला तरी काही जाणवेना, तेव्हा मला वाटलं की माझ्यावर क्रिएटिन चालतच नाही. खरं तर मी ते पुरेसं घेतच नव्हतो. वेळेचा नियम पाळला आणि त्यापायी रोजचं घेणं हातून गेलं.

नंतर मी ते सकाळी दात घासण्याशी जोडलं. ब्रश ठेवला की पाण्यातून एक चमचा. सुट्टीचा दिवस असो, प्रवास असो, प्रश्न येत नाही.

‘व्यायामानंतर घेणं चांगलं’ हे म्हणणं अगदी हवेतून आलेलं नाही. स्नायू वापरला की त्यात रक्तप्रवाह वाढतो आणि व्यायाम केलेल्या पायात न केलेल्या पायापेक्षा जास्त क्रिएटिन शिरतं, हे दिसलेलं आहे. २०१३ सालच्या एका प्रयोगात १९ पुरुषांनी चार आठवडे ५ ग्रॅम क्रिएटिन घेतलं, काहींनी व्यायामाआधी, काहींनी नंतर. नंतर घेणाऱ्यांचा कल थोडा बरा दिसला, पण एवढ्या थोड्या लोकांत तो फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर टिकला नाही. आणखी एक गोष्ट मला तिथे महत्त्वाची वाटते: विश्रांतीच्या दिवशी त्यांना सोयीच्या वेळी घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे दोन्ही गट रोज घेतच होते. तुमचा व्यायाम रोज ठरलेल्या वेळी होत असेल तर नंतर घ्या, त्यात तोटा काहीच नाही.

एखादा दिवस राहिला तर घाबरू नका. शरीर रोज साठ्यातलं एक ते दोन टक्केच क्रिएटिनिनमध्ये बदलून लघवीवाटे टाकतं. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची गरज नाही, नेहमीचंच घ्या. पूर्ण बंद केलं तरी साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात.

चाललंय की नाही हे कसं कळेल? वजन एखाद किलोने वाढू शकतं, ते स्नायूंतलं पाणी असतं, चरबी नव्हे. पण खरी खूण वहीत सापडते: त्याच वजनावर, तेवढीच विश्रांती घेऊन, शेवटच्या सेटमध्ये रेप वाढल्या का ते महिन्याभराने बघा. मांस-मासे न खाणाऱ्यांचा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्यांना फरक बहुधा जास्त जाणवतो. ज्यांचा साठा आधीच भरलेला असतो त्यांना फारसा जाणवत नाही, मग वेळ कोणतीही असो.

रक्ततपासणी करायची असेल तर डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचं आधी सांगा. क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो आणि मूत्रपिंडाबद्दल विनाकारण शंका येते. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.