डिश लावण्याआधी एवढं बघ

अरे भावा, सिडकोतल्या गच्चीवरून दिंडोरीकडच्या मळ्यात वायफाय न्यायचंय ना, मग आधी डोक्यातून हे काढ की डिश पॉवर वाढवते. पॉवर तेवढीच असते, डिश ती फक्त एकीकडे ढकलते. उभा डायपोल, म्हणजे साधा काडीसारखा अँटेना, मेदूवड्यासारखा पॅटर्न देतो, आडव्या पातळीत चहूबाजूंना सारखा आणि वर-खाली टोकांकडे जवळपास शून्य, म्हणून त्याचा गेन, म्हणजे सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा एका दिशेला किती जास्त जातं ते, २.१५ dBi च. २.४ GHz ला ६० सेंमीची डिश साधारण २१ dBi देते म्हणजे डायपोलच्या पंचाहत्तर पट, पण बीम फक्त १४-१५ अंशांचा, म्हणून ७-८ अंश हलली की सिग्नल निम्मा, पावसाळी वाऱ्यात पाइप घट्ट पाहिजे. डायरेक्टिव्हिटी म्हणजे पॅटर्न एकीकडे किती एकवटलाय तेवढंच, त्यातून अँटेनातच उष्णता होऊन जाणारं वजा केलं की गेन.

आता खरी गंमत पोलरायझेशनची, म्हणजे लहरीचं विद्युत क्षेत्र उभं डोलतं की आडवं त्याची. माझ्या लिंकला दोन्ही डिश अगदी समोरासमोर, तरी सिग्नल २० dB कमी, मी दोन रविवार नुसती दिशा बदलत बसलो 😅 एका टोकाचा फीड, म्हणजे डिशसमोरचा छोटा अँटेना, उभा आणि दुसऱ्याचा आडवा बसला होता! गोल भरीव डिशमध्ये पोलरायझेशन फीड ठरवतो, डिश नाही. तुझंही असं झालं, म्हणजे दिशा हलवून थोडाच फरक पडला, तर एकच फीड ९० अंश फिरव. आणि जाळीची डिश असेल तर फीडसोबत जाळीपण फिरवायला लागते, तिच्या काड्या फीडच्या डायपोलला समांतरच पाहिजेत.