अभिनंदन कुणाचं, निर्णयाचं की माणसाचं?

"माझी मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं टेस्टिंग करते. टीम लीडच्या जागेसाठी तिची आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याची, दोघांची मुलाखत झाली. जागा त्याला मिळाली. ग्रुपवर सगळ्यांनी अभिनंदन केलं, हिने तीन दिवस काहीच लिहिलेलं नाही. 'खोटं लिहिणार नाही' म्हणते. मुलगा चांगला आहे. मागच्या रिलीजला रोजची बग-मीटिंग त्यानेच सुरू केली, हे तीच कौतुकाने सांगायची. आता तोच तिचा लीड. तिने काय करावं?" – एक पालक

खोटं लिहायचं नाही हा तिचा हट्ट योग्य आहे, तो तसाच राहू द्या. फक्त तिची एक गल्लत होतेय. अभिनंदन करायचं म्हणजे निवड बरोबर झाली असं सही करून द्यायचं, असं तिला वाटत असावं. निर्णयाबद्दल तिने काहीच बोलायची गरज नाही. त्याने केलेल्या ज्या कामाचा तिला स्वतःला उपयोग झाला, त्याबद्दल बोलावं. ते काम तुमच्या पत्रातच आहे. ती बग-मीटिंग.

ग्रुपवर आता लिहू नये. पंधरा-वीस संदेशांखाली तीन दिवसांनी आलेलं 'अभिनंदन' सगळ्यांच्या नजरेत भरतं आणि उशीरच तेवढा दिसतो. उद्या सकाळी त्याच्या जागेवर जाऊन दोन मिनिटं बोलावं. तो घरून काम करत असेल तर त्याला एकट्याला संदेश पाठवावा. उशिराची कारणं देऊ नयेत. कामात होते, बरं नव्हतं असं काही सांगितलं की तो मनात दिवस मोजायला लागतो.

अशा वेळी पहिला मसुदा बहुतेक असा निघतो: "खूप खूप अभिनंदन!! तूच डिझर्व्ह करत होतास. मलाही आशा होती, पण असो. आता साहेब झालास, पार्टी कधी?" यातलं 'तूच' तिला स्वतःला पटलेलं नाही, म्हणून ते जोरात लिहिलं जातं, दोन उद्गारचिन्हं त्यासाठीच येतात. 'पण असो' वाचल्यावर तिची समजूत काढण्याचं काम त्याच्या गळ्यात पडतं. आणि 'साहेब' गमतीत म्हटलं तरी टोचतं, कारण सोमवारपासून तो खरोखरच तिला काम वाटून देणार आहे.

त्याऐवजी एवढं पुरे: "लीड झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. मागच्या रिलीजला तू रोजची बग-मीटिंग लावलीस म्हणून कुठला बग आधी तपासायचा ते मला सकाळीच कळायचं. ती पुढेही चालू ठेव." हे दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही, ही त्याची परीक्षा. नाव बदलून कुणालाही चालेल असा मजकूर निघाला, तर मधलं वाक्य अजून सापडलेलं नाही असं समजावं. संदेश चौथ्या-पाचव्या वाक्यात शिरला की 'मी' डोकावतोच, म्हणून तीनवर थांबलेलं बरं.

तिनेही मुलाखत दिली होती हे त्याला माहीत असणारच. लेखी त्याचा उल्लेख नको. समोरासमोर तोच म्हणेल, "खरं तर तुलाही मिळायला हवं होतं." इथे घोळ होतो. 'हो ना' म्हटलं तर तक्रार होते, 'छे, माझी कुठे लायकी' म्हटलं तर खोटं होतं, शिवाय तो वरिष्ठांना पुढे तेच सांगू शकतो. "वाईट वाटलं थोडं, नाही कशाला म्हणू. पण तुझ्यासोबत काम करायला मला अडचण नाही," एवढं एकदाच म्हणून कामाचा विषय काढावा. मात्र दुसरं वाक्य खरं असेल तरच म्हणावं. नसेल तर पहिल्यावरच थांबावं.

बोलणं नीट झालं की नाही हे लगेच कळतं. तो पुढे काय करायचं ठरवलंय ते सांगायला लागला तर जमलं. तो तिला धीर द्यायला लागला तर तिचं दुखणं मध्ये आलं. तसं झालं तर पुन्हा संदेश पाठवून सारवासारव करू नये, तिथेच सोडावं.

जागा का मिळाली नाही हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे, पण ते त्याला विचारायचं नाही आणि याच आठवड्यात तर नाहीच. दहा-पंधरा दिवसांनी ज्यांनी मुलाखत घेतली त्या मॅनेजरकडे वीस मिनिटं मागावीत. "त्याला का दिली?" असं विचारलं की मॅनेजर निर्णयाचा बचाव करत बसतो. "पुढच्या वेळी माझ्या कामात तुम्हाला काय दिसायला हवं?" असं विचारलं तर नेमकं काहीतरी हाती लागण्याची शक्यता जास्त.

आणि तुम्ही घरी रोज 'लिहिलंस का?' विचारू नका. तुम्ही विचारलंत म्हणून पाठवलेला संदेश तिला खोटाच वाटणार.