सिगारेटनं टेन्शन उतरतं, का आधीच्या सिगारेटनं चढवलेलं उतरतं?

प्रश्न: लातूरला आडतीवर मुनीम आहे. दिवसाला ११-१२ सिगारेटी होतात, पहिली उठल्या उठल्या. सौदे, पट्ट्या, उधारी, सगळं डोक्याला ताप. एक ओढली की दोन मिनिटांत डोकं शांत होतं, हे माझ्या अनुभवाचं आहे. डॉक्टर म्हणतात सिगारेटनं टेन्शन वाढतं. मग मला पडतो तो आराम खोटा का?

उत्तर:

आराम खोटा नाही दादा. तो खराच पडतो, आणि दोन मिनिटांतच पडतो, कारण धुरातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं. प्रश्न एवढाच आहे की उतरलं ते नेमकं काय. सौद्याचं टेन्शन, का मागच्या सिगारेटीनंतर चढत गेलेली तलफ? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: चिडचिड, छातीत घालमेल, हिशेबात लक्ष न लागणं, समोरच्याचं बोलणं सहन न होणं. तलफ लागलीय असं शरीर सांगत नाही, ते फक्त चिडतं. मग चिडायला जे कारण समोर असेल त्याच्यावर बिल फाडलं जातं. आडतीवर कारणांना तोटा नाही.

निकोटिनचा हिशेब सोपा आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. सोळा तासांत १२ सिगारेटी म्हणजे दोन सिगारेटींमध्ये सरासरी सव्वा ते दीड तास, आणि दीड तासात जवळपास ४० टक्के उतरलेलं असतं. मेंदूतली पातळी तर त्याहून आधीच खाली यायला लागते. रात्री दहाला शेवटची आणि सकाळी सहाला पहिली धरली, तर आठ तासांत चार वेळा निम्मं होऊन सोळावा हिस्सा उरतो. म्हणून उठल्या उठल्याची सिगारेट सगळ्यात गोड लागते. त्या वेळी ना बाजार उघडलेला असतो, ना कुणाचा फोन आलेला. टेन्शन नसताना सगळ्यात मोठा आराम पडतो, यातच निम्मं उत्तर आहे.

असं होतं कारण निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहींना चिकटतं, ते रोजच्या माऱ्यानं बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवून घेतो. मधल्या वेळेत निकोटिन उतरलं की हे वाढीव ग्राही पुन्हा जागे होऊन मागणी करतात. न ओढणाऱ्याच्या डोक्यात ही मागणीच नसते. रात्रभर सिगारेट बंद ठेवून मोजणी केलेल्या प्रयोगांत असंच दिसतं की ओढणारे सिगारेटीनंतर न ओढणाऱ्यांइतके शांत होतात, त्यांच्यापेक्षा जास्त शांत होत नाहीत. म्हणजे तुमच्या शेजारचा हमाल, जो तंबाखूलाही शिवत नाही, तो दिवसभर ज्या पातळीवर असतो, तिथं पोचायला तुम्हाला १२ वेळा काडी लावावी लागते. आणि शरीराकडं बघाल तर सिगारेटीनंतर नाडी मिनिटाला १०-१५ ठोक्यांनी वाढते, रक्तदाबही चढतो. मन निवांत आणि शरीर धावतंय, असा उफराटा प्रकार.

माझ्यावर किंवा डॉक्टरांवर विश्वास ठेवायची गरज नाही. हे पाच दिवसांत तुमचं तुम्हाला कळतं. आडतीवरच्या वहीचं एक पान घ्या. प्रत्येक सिगारेटीला चार गोष्टी लिहा: मागच्या सिगारेटीला किती मिनिटं झाली, आत्ता टेन्शन दहापैकी किती, नुकतंच काय घडलं, आणि ओढल्यावर दहा मिनिटांनी टेन्शन किती. आकडा काडी लावायच्या आधी लिहायचा. नंतर लिहिला की मन त्याला सोयीनं वाढवतं. मधे तंबाखू मळली किंवा गुटखा खाल्ला तर तेही लिहा, कारण त्यातूनही निकोटिनच मिळतं आणि हिशेब बिघडतो. अनेकांची वही इथंच फसते.

आता पानावर काय बघायचं ते सांगतो. समजा सोमवारी ११ ला सौदे सुरू झाले, गर्दीत बाहेर पडता आलं नाही, आणि दोनला टपरीवर गेलात. अंतर १८० मिनिटं, टेन्शन ८, ओढल्यावर ४. तुम्ही म्हणाल, बघा, सौद्याचं टेन्शन उतरलं. थांबा. रविवारी पाहुण्यांकडं लग्नात अडकलात, वडीलधारी मंडळी समोर, तीन तास बाहेर पडता आलं नाही. तिथं ना सौदा ना उधारी. तिथंही आकडा ७ आणि ओढल्यावर ४ आला, तर तो आकडा बाजाराचा नव्हता, तीन तासांचा होता.

याच्या उलटी नोंद त्याहून बोलकी असते, आणि ती मुद्दाम शोधावी लागते. समजा सिगारेट ओढून तुम्ही आत आलात आणि दहाच मिनिटांत सोयाबीनच्या ओलाव्यावरून शेतकऱ्याशी वाजलं. मीटर १४ दाखवतंय, तो म्हणतो माल कोरडा आहे, चार लोक गोळा झाले. हे खरं टेन्शन, आणि निकोटिनची टाकी भरलेली. आकडा ७. चिडून लगेच दुसरी लावली. बहुतेकदा आकडा ६ वर येतो किंवा हलतच नाही. सिगारेट टेन्शनवरचं औषध असती तर सगळ्यात चांगली इथंच लागू पडायला हवी होती. हे औषध तेव्हाच लागू पडतं जेव्हा दुखणं त्याच्याच अभावाचं असतं.

पाच दिवसांच्या पन्नास-साठ ओळी झाल्या की एक काम करा. ‘आधीचा आकडा’ वाढतो तो घटनेबरोबर की मिनिटांबरोबर, एवढंच बघा. मिनिटांबरोबर वाढत असेल तर तलफ.

मात्र ‘सगळंच तलफ’ असं म्हणणारा मी नाही. टपरीवर जाण्यात तीन चांगल्या गोष्टी असतात: गोंगाटातून बाहेर पडणं, पाच मिनिटं कुणी हाक न मारणं, आणि लांब श्वास. झुरका म्हणजे दीर्घ श्वासच असतो, फक्त धुराचा. हा वाटा वेगळा काढता येतो. सिगारेट ओढून वीसेक मिनिटं झालेली असताना डोकं तापलं, तर खिशात पाकीट न ठेवता बाहेर जा, पाच मिनिटं उभं राहा, श्वास सावकाश सोडा. बरंचसं उतरतं. हेच तीन तासांच्या अंतरावर करून बघाल तर उतरणार नाही, आणि ‘असल्या श्वासांनी काही होत नाही’ असं वाटेल. दोष श्वासांचा नाही, वेळेचा आहे.

आता लोक कुठं फसतात ते. पहिली चूक, १२ वरून ५ वर आणून ‘बघू’ म्हणणं. अंतर वाढलं की तलफ मोठी होते, म्हणून प्रत्येक सिगारेटीचा आराम अधिक मोठा वाटतो, आणि सिगारेटनं टेन्शन जातं हा समज मोडायच्या ऐवजी घट्ट होतो. शिवाय माणूस नकळत झुरके खोल ओढून पाचांतच भरपाई करायला लागतो.

दुसरी चूक, तिसऱ्या दिवशी निकाल लावणं. बंद केल्यावर चिडचिड पहिल्याच दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते, आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तिसऱ्या दिवशी घरात भांडी आपटली की ‘सिगारेट होती म्हणून मी माणसात होतो’ असं वाटतं. तो दिवस तुलनेला सगळ्यात वाईट. तुलना करायची ती सहाव्या आठवड्यात. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. त्यात सोडण्याआधीची आणि सोडून किमान सहा आठवडे झाल्यानंतरची मनःस्थिती तपासली होती. सोडलेल्यांची चिंता आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेला होता. म्हणून सुरुवात ऐन सोयाबीनच्या आवकेत करू नका. पहिले तीन दिवस बाजार बंद असेल तेव्हाचे धरा.

तिसरी चूक मराठवाड्यात फार होते आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं: चहा. सिगारेटच्या धुरातल्या डांबरातले काही घटक यकृताला कॅफिन लवकर संपवायला लावतात. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत हा वेग पडतो आणि तेवढ्याच चहात रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होतं. वर सिगारेटऐवजी म्हणून चहा वाढवलेला असतो. मग हात थरथरतात, धडधड होते, रात्री बाराला डोळे टक्क उघडे, आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यानं टेन्शन वाढलं. ओळखायचं असं: धडधड आहे पण सिगारेटीची ओढ नाही, तर ते चहाचं. सोडायच्या दिवसापासून कप निम्मे करा.

तुमची पहिली सिगारेट उठल्या उठल्या असते, म्हणजे सवय खोल आहे. नुसत्या निर्धारावर पहिला आठवडा जड जाईल. निकोटिनच्या चावायच्या गोळीचा, म्हणजे निकोटिन गमचा, उपयोग इथंच होतो. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागणाऱ्याला साधारण ४ मिलिग्रॅमची सुचवतात, पण ती डॉक्टरांना विचारून घ्या. साध्या च्युइंगमसारखी सतत चघळत राहिलात तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि लोक पहिल्याच दिवशी पाकीट फेकून देतात. सावकाश चावा, तोंडात चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मधे धरून ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा थोडी चावा. अर्ध्या तासात गोळीतलं निकोटिन संपतं. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नको, कारण चहाच्या आंबटपणानं निकोटिन गालातून शोषलं जात नाही. तंबाखूला चुना लावतात त्याचं कारण हेच, फक्त उलट्या बाजूनं. सिगारेटीसारखी किक येणार नाही, गोळीचं निकोटिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून तलफ लागायची वाट न बघता सुरुवातीला दर दीड-दोन तासांनी घ्या.

एक अपवाद सांभाळा. मनाच्या आजारावर ओलान्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल तर सिगारेट बंद करायच्या आधी त्याच डॉक्टरांना सांगा. कॅफिनसारखंच या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो. आणि वहीत अंतर वीस-तीस मिनिटांचं असतानाही आकडा रोज ७-८ च राहत असेल, तर तो तलफेचा नाही. मग उधारीचा किंवा झोपेचा प्रश्न वेगळा धरून बोलू. ते पान इथं टाका, सगळे मिळून वाचू.