नवीन डिव्हाइस लावलं पण नाव घेत नाही? आधी हे बघ
अरे, आयपीच्या मागे लागू नकोस, प्रोफिनेटमध्ये पीएलसी डिव्हाइसला नावानेच शोधतो आणि नाव जुळलं की आयपी स्वतःच देतो.

लॅपटॉपशिवाय बदलायचं तर प्रोजेक्टमध्ये टोपॉलॉजी, म्हणजे कुठला पोर्ट कुठे जोडलाय ते, आखलेली हवी आणि मीडियाशिवाय, म्हणजे मेमरी कार्डशिवाय, डिव्हाइस बदलायचा ऑप्शन चालू हवा, मग पीएलसी शेजारच्या डिव्हाइसला विचारतो की तुझ्या या पोर्टवर कोण आहे आणि त्यावरून नाव देतो. म्हणून जुनं डिव्हाइस काढायच्या आधी केबलचा फोटो काढ, पोर्ट १ ची केबल पोर्ट २ मध्ये गेली की नाव मिळत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा वापरलेला स्पेअर लावणं, त्यात जुनं नाव असतं, आणि साधारणपणे पीएलसी ते खोडत नाही, मग बीएफ म्हणजे बस फॉल्टचा लाइट लालच राहतो. असा स्पेअर रॅकमध्ये ठेवतानाच फॅक्टरी रिसेट करून ठेव.