आलेख बोलून दाखवताना: किती ‘ने’ वाढला आणि किती ‘वर’ गेला?

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठेवींचा आलेख दाखवताना मी ‘ठेवी तीन पटींनी वाढल्या’ असे म्हणालो. ‘म्हणजे दोन कोटींच्या सहा झाल्या की आठ?’ असे एका सभासदाने विचारले आणि मी अडखळलो. नेमके काय म्हणायला हवे होते?
— पतसंस्थेचे सचिव, निपाणी

ठेवी दोन कोटींवरून सहा कोटींवर गेल्या असतील, तर ‘ठेवी तिप्पट झाल्या’ असे म्हणावे. ‘तीन पटींनी वाढल्या’ याचा काटेकोर अर्थ मूळच्या दोन कोटींत आणखी सहा कोटींची भर पडली असा होतो. बोलण्यात मात्र बहुतेक जण तो तिपटीच्या अर्थानेच वापरतात, आणि म्हणूनच सभासदाची शंका रास्त होती.

आलेख वाचताना ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय फरक सांगतो आणि ‘वर’ हा शब्द आकडा कुठे पोहोचला ते सांगतो. समजा, थकबाकी तीस लाख होती. ती ‘एक तृतीयांशाने घटली’ तर वीस लाख उरली आणि ‘एक तृतीयांशावर आली’ तर दहाच लाख उरली. केवळ ‘निम्म्याने घटली’ आणि ‘निम्म्यावर आली’ या दोहोंचा अर्थ एकच होतो, त्यामुळे हा भेद आपल्या लक्षात येत नाही. मोठ्याने सांगताना दोन्ही टोके उच्चारणे सर्वांत सुरक्षित असते: ‘थकबाकी तीस लाखांवरून वीस लाखांवर आली, म्हणजे दहा लाखांनी घटली.’

प्रत्येक रेषेला मी ‘वाढली’ किंवा ‘कमी झाली’ एवढेच म्हणते. वेगळी क्रियापदे वापरायची, तर ती कशी निवडावीत?
— वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, बेळगाव

रेषेचा उतार पाहून क्रियापद निवडावे. संथ चढाला ‘हळूहळू वाढत गेली’, ‘चढत राहिली’. एका टप्प्यात झालेल्या मोठ्या चढाला ‘उसळी घेतली’, ‘झेपावली’. सपाट भागाला ‘स्थिरावली’, ‘जैसे थे राहिली’. दातेरी रेषेला ‘चढउतार होत राहिले’ असे म्हणता येते. उताराकडे ‘उतरली’, ‘घसरली’ आणि ‘कोसळली’ अशी चढती तीव्रता आहे. ‘कोसळली’ हे क्रियापद अचानक झालेल्या मोठ्या पडझडीसाठीच राखून ठेवावे. पाच वर्षे थोडीथोडी उतरत आलेली रेषा कोसळत नाही. पडल्यानंतर पुन्हा वर वळणाऱ्या रेषेला ‘सावरली’ हा शब्द चपखल बसतो, पण ती पूर्वीच्या पातळीपर्यंत आली की नाही हेही लगेच सांगायला हवे.

उताराइतकाच विषयही पाहावा लागतो. ‘घसरली’ या शब्दात नापसंती दडलेली असते, म्हणून निकाल घसरतो, भाव घसरतात. तक्रारींची संख्या मात्र ‘घटली’ किंवा ‘कमी झाली’ असेच म्हणावे, कारण ती आनंदाची बातमी आहे. ग्राहक ‘रोडावतात’, दर्जा ‘उंचावतो’, वेग ‘मंदावतो’. खानापूरच्या पावसाचा आलेख दाखवणाऱ्याने तर फारच जपावे. जुलैच्या उंच स्तंभानंतरचे उतरते स्तंभ दाखवत ‘सप्टेंबरात पाऊस कोसळला’ असे तो म्हणाला, तर ऐकणारा नेमके उलटे समजेल. तेथे ‘पावसाचा जोर ओसरला’ असेच म्हणायला हवे. शिवाय ही ऋतूची नेहमीची उतरण असल्याने तिला कल म्हणू नये. कल सांगायचा असेल, तर या सप्टेंबरची तुलना मागच्या सप्टेंबरांशी करावी.

जनगणनेतील साक्षरतेचे आकडे घेऊन बेळगाव जिल्हा आणि कर्नाटक राज्य यांची तुलना मला वर्गासमोर मांडायची आहे. जिल्ह्याची साक्षरता ९ टक्क्यांनी वाढली असे म्हटले, तर चालेल का?
— प्रशिक्षणार्थी शिक्षक, खानापूर

आकडे असे आहेत. सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येत जिल्ह्याची साक्षरता २००१ मध्ये ६४.२१ टक्के होती, ती २०११ मध्ये ७३.४८ टक्के झाली. राज्याची याच काळात ६६.६४ टक्क्यांवरून ७५.३६ टक्क्यांवर गेली. जिल्ह्याच्या दोन टक्केवारींमधील अंतर ९.२७ आहे, ते टक्केबिंदूंमध्ये मोजले जाते. मूळच्या ६४.२१ च्या प्रमाणात पाहिले, तर तीच वाढ सुमारे १४.४ टक्के भरते. त्यामुळे ‘९ टक्क्यांनी वाढली’ हे वाक्य ढिले आहे. ‘टक्केबिंदू’ हा शब्द वर्गाला नवा वाटेल अशी शंका असेल, तर ‘चौसष्ट टक्क्यांवरून साडेत्र्याहत्तर टक्क्यांच्या जवळ गेली’ असे म्हणावे, म्हणजे घोटाळ्याला जागाच उरत नाही.

तुलनेत दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात: कोण पुढे आहे आणि अंतर वाढले की कमी झाले. २००१ मध्ये जिल्हा राज्याच्या २.४३ ने मागे होता, तर २०११ मध्ये १.८८ ने. बोलताना मी हे असे मांडेन: ‘आडव्या अक्षावर दोन जनगणना आहेत, उभ्या अक्षावर साक्षरतेची टक्केवारी आहे. दोन्ही रेषा चढत्या आहेत. जिल्हा दोन्ही वेळा राज्याच्या मागेच आहे, मात्र त्याची रेषा किंचित अधिक चढी असल्यामुळे अंतर सुमारे अडीचवरून दोनच्या आत आले आहे.’ येथे ‘जिल्ह्याने राज्याला गाठले’ असे म्हणू नये; ‘अंतर कमी केले’ एवढेच खरे आहे. दोनच बिंदू असल्याने मधल्या वर्षांत वाढ ‘सातत्याने’ झाली असेही या आलेखावरून म्हणता येत नाही.

उभा अक्ष ६० पासून सुरू केला असेल, तर तेही मोठ्याने सांगावे. तसे न केल्यास स्तंभालेखात जिल्ह्याचा दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिपटीहून उंच दिसतो आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास तुमच्या शब्दांपेक्षा डोळ्यांवर बसतो.

लोकसंख्यावाढीच्या दराची रेषा खाली जाताना दाखवली, तेव्हा श्रोत्यांना लोकसंख्याच घटली असे वाटले. हे कसे टाळावे?
— पदव्युत्तर विद्यार्थी, चिक्कोडी

कर्नाटकाचेच उदाहरण घ्या. १९९१ ते २००१ या दशकात राज्याची लोकसंख्या १७.५१ टक्क्यांनी वाढली आणि पुढच्या दशकात १५.६० टक्क्यांनी. दर उतरला, पण प्रत्यक्ष भर पहिल्या दशकात सुमारे ७८.७ लाखांची होती आणि दुसऱ्यात सुमारे ८२.४ लाखांची, कारण टक्केवारी ज्यावर काढली तो पायाच मोठा झाला होता. म्हणून रेषेला हात लावण्याआधी ‘ही रेषा माणसांची संख्या दाखवत नाही, ती वाढीचा वेग दाखवते’ असे सांगावे आणि ‘घटली’ऐवजी ‘वाढ मंदावली’ असे म्हणावे. ‘लोकसंख्या वाढतच राहिली, फक्त आधीपेक्षा कमी दराने’ हे वाक्य लांबट असले, तरी ते गाळू नये.

आमच्या बैठकीत मराठी आणि कन्नड भाषिक दोन्ही असतात. सव्वा, दीड, पावणे वापरावेत का?
— सहकारी दूध संघाचे कर्मचारी, बेळगाव

‘दीड’ आणि ‘अडीच’ सहसा अडत नाहीत. ‘पावणे’ मात्र टाळावे. कन्नडमध्ये पावणेतीनला ‘एरडू मुक्कालु’, म्हणजे दोन आणि पाऊण, असे बेरजेने म्हणतात. आपण तीनमधून पाव वजा करून बोलतो, त्यामुळे मराठी कामापुरती समजणाऱ्या माणसाच्या मनात तीन आणि पाऊण असा आकडा उमटू शकतो. ‘दोन लाख पंचाहत्तर हजार लिटर’ असे पूर्ण म्हणावे आणि तोच आकडा पडद्यावर त्या बिंदूपाशी लिहिलेला असावा.