न पाठवलेले पत्र

"ज्याच्याविषयी मला ओढ वाटते त्याला माझ्यात रस नाही, हे मी आता मनाशी मान्य केले आहे. पण आमचे ऑफिस एकच, मित्रमंडळीही एकच. एकदम बोलणे बंद केले तर रुसल्यासारखे दिसेल, आणि आधीसारखे चालू ठेवले तर मी यातून कधीच बाहेर पडणार नाही. मागे कसे यावे?"

नेमक्या याच टप्प्यावर अडकलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याची हकीकत सांगते. वय २९, पुण्यात नोकरी, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या गटात नियमित सहभाग. त्याच गटातील एक मैत्रीण त्याला आवडू लागली होती. तिने त्याला नकार असा कधीच दिला नव्हता. ती हसून बोलत असे, उशिरा का होईना उत्तर देत असे, आणि भेटायचे विचारले की "बघते, या आठवड्यात जरा गडबड आहे," असे म्हणत असे.

पहिल्या भेटीत आम्ही तिच्या उत्तरांतील शब्दांचा अर्थ लावत बसलो नाही, कारण ओढ असलेल्या माणसाला साध्या "हो ना" मध्येही आशा दिसते. त्याऐवजी मागील तीन महिन्यांतील दोनच गोष्टी त्याला पाहायला सांगितल्या : संभाषण कोणी सुरू केले, आणि भेटीला नाही म्हटल्यावर तिने स्वतःहून दुसरा दिवस सुचवला का. सतरांपैकी सोळा संभाषणे त्याने सुरू केली होती. भेटीचे त्याने पाच वेळा विचारले होते आणि पाचही वेळा पर्यायी दिवस आला नव्हता. उत्तराला लागणारा वेळ मी फारसा धरत नाही, कारण कामात बुडालेला माणूसही उशिरा उत्तर देतो, पण ज्याला खरोखर भेटायचे असते तो गडबडीतही "पुढच्या बुधवारी चालेल का?" एवढे विचारतो.

दुसऱ्या भेटीला तो निर्णय घेऊन आला, आणि सोबत चार पानांचे पत्रही. ते तिला पाठवून मगच दूर व्हायचे, असे त्याने ठरवले होते. पत्राची भाषा सभ्य होती, आरोप एकही नव्हता. मी त्याला पेन्सिल दिली आणि ज्या वाक्यावर तिला काही उत्तर द्यावेसे वाटेल त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायला सांगितली. "माझे कुठे चुकले हे मला कळले असते तर बरे झाले असते", "तुला त्रास होऊ नये म्हणून मी दूर होत आहे", "तू आनंदात राहा एवढेच मागणे आहे" अशा वाक्यांखाली रेघा वाढत गेल्या. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, हा निरोप नाही, ही आणखी एक मागणीच आहे."

जिथे समोरच्याला भेटीचे कधी सरळ विचारलेलेच नाही, तिथे एकदा साध्या शब्दांत विचारावे, असे मीही सांगते. परंतु पाच वेळा टळलेल्या भेटीनंतर पुन्हा खुलासा मागणे म्हणजे स्वतःची हुरहूर शमावी म्हणून तिला निवाडा सुनावायला लावणे होय. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एकतर्फी प्रेमाचा अभ्यास केला, तेव्हा नकार देणारी माणसेही अपराधीपणाने त्रासलेली असतात आणि काय बोलावे हे त्यांना सुचत नाही, असे दिसून आले होते. तिचे "बघते" हे कदाचित अशाच अवघडलेपणातून येत असावे, ही शक्यता त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा "तिने मला झुलवले" हे त्याच्या मनात आकार घेऊ लागलेले वाक्य थोडे सैल झाले. तिने कोणता शब्द दिला होता, असे मी विचारले. दिलेला शब्द एकही नव्हता. आशा त्याची होती.

मग प्रत्यक्ष काय करायचे ते ठरले. संभाषण आपणहून सुरू करायचे नाही. तिचा निरोप आला तर त्याच दिवशी, दोन ओळींत, नेहमीच्याच आपुलकीने उत्तर द्यायचे, पण शेवटी नवा प्रश्न जोडायचा नाही. गट सोडायचा नाही, तिला ब्लॉक करायचे नाही, मात्र तिचे स्टेटस म्यूट करायचे. सामाईक मित्रांपैकी कोणालाही यात घ्यायचे नाही. मन मोकळे करायला त्याने गटाबाहेरचा, गावाकडचा मामेभाऊ निवडला. आपण दूर होत आहोत हे जाहीर करायचे नाही, ही अट त्याला सर्वांत जड गेली.

पहिला आठवडा अपेक्षेपेक्षा वाईट गेला, आणि तो तसा जाणार हे मी आधीच सांगून ठेवले होते. अधूनमधून आणि अनिश्चितपणे मिळणाऱ्या प्रतिसादाने जडलेली सवय सर्वांत चिवट असते, आणि प्रतिसाद पूर्ण थांबला की ती मावळण्यापूर्वी काही काळ उसळते. हे ठाऊक नसेल तर ती उसळी म्हणजे खऱ्या प्रेमाची खूण वाटते आणि माणूस रात्री साडेअकराला फोन उचलतो. त्याने संदेश लिहिला की तो फोनमधील नोंदवहीत ठेवायचा आणि सकाळी वाचायचा, असा नेम केला. नऊ दिवसांत सात संदेश जमले. सकाळी त्यांपैकी एकही पाठवावासा वाटला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनेच त्याचा एका जुन्या ट्रेकमधील फोटो पाठवला, आणि सगळे पुन्हा डळमळले. तो धावतच आला. मी विचारले, "गेल्या तीन आठवड्यांत तिला तुमचे गप्प राहणे जाणवले का, हे तुम्ही किती वेळा तपासलेत?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रोज."

मागे येण्यातली खरी गफलत इथे होते, म्हणून तुमच्यासाठी ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. बाहेरून वागणे अगदी शांत असते, पण आत तिला ओढून आणण्याची युक्ती असते : मी थांबलो की ती वळेल. ती वळली नाही की मग खरा कडवटपणा येतो, कारण मनाने एक करार केलेला असतो आणि तो मोडल्याचा राग अशा व्यक्तीवर निघतो जिला त्या कराराचा पत्ताच नव्हता. अशा वेळी वागणे बदलायचे नसते, फक्त ते कोणासाठी चालले आहे हे स्वतःशी कबूल करायचे असते. त्याने ते कबूल केले. फोटोला "छान आला आहे, धन्यवाद" एवढे उत्तर दिले. त्यानंतरचा एक ट्रेक, घरी काम आहे असे खोटे न सांगता, "या वेळी येत नाही" एवढेच कळवून त्याने सोडला. मोकळा झालेला रविवार सुरुवातीला त्याला खायला उठला; पुढे तो मामेभावाकडे जाऊ लागला.

चार महिन्यांनी तो शेवटचा भेटला, तेव्हा नुकताच गटाबरोबर गुंजवण्याहून राजगडावर जाऊन आला होता. चोर दरवाज्याखालच्या अवघड टप्प्यावर रेलिंग धरून चढताना ती त्याच्या मागे होती आणि तिने पाण्याची बाटली मागितली. त्याने ती दिली, आणि बाटली परत घ्यायची राहून गेली हे त्याला घरी पोहोचल्यावर आठवले.